आधी पट्ट्याची लांबी, मग मोटरची जागा

व्ही-बेल्टने चालणाऱ्या यंत्रात मोटरच्या शाफ्टवर लहान पुली असते, यंत्राच्या शाफ्टवर मोठी पुली असते आणि दोन्हींना कवेत घेणारा पट्टा असतो. या मांडणीत चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात : दोन पुल्यांचे व्यास, त्यांच्या मध्यांतले अंतर आणि पट्ट्याची लांबी. यांपैकी तीन ठरल्या की चौथी आपोआप ठरते. कोणत्या तीन आधी ठरवायच्या, हा खरा प्रश्न आहे. पुली हव्या त्या व्यासाची कातून मिळते, मोटर फ्रेमवर थोडी पुढेमागे सरकवता येते. पण पट्टा बाजारात ठरलेल्या मापांतच मिळतो आणि तो कापून जोडता येत नाही. म्हणून केंद्रअंतराचा आधी फक्त अंदाज घ्यायचा, त्यावरून लांबी काढायची, तिच्या जवळचा बाजारात मिळणारा पट्टा निवडायचा आणि त्या पट्ट्यावरून उलट हिशेब करून खरे केंद्रअंतर ठरवायचे. संगणकावर यंत्राची जुळणी करतानाही हाच क्रम पाळावा लागतो.

उदाहरणासाठी पिठाची गिरणी घेऊ. मोटर ५ एचपीची, म्हणजे ३.७ किलोवॉटची आहे. चार ध्रुवांची ही मोटर ५० हर्ट्‌झच्या विजेवर पूर्ण भाराखाली मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. गिरणीचा शाफ्ट ७२० फेऱ्यांनी फिरावा अशी अपेक्षा आहे, म्हणजे वेग बरोबर निम्मा करायचा आहे. फ्रेमवर मोटर आणि गिरणी यांच्या शाफ्टमध्ये साधारण अर्धा मीटर जागा आहे. एवढ्या माहितीवर पुढचा सगळा हिशेब होतो.

पहिला निर्णय पट्ट्याच्या छेदाचा. व्ही-बेल्टचे जुने आणि सर्वत्र मिळणारे छेद ए, बी, सी या अक्षरांनी ओळखले जातात. ए छेदाचा पट्टा वर १३ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड असतो, तर बी १७ मिमी रुंद आणि ११ मिमी जाड. भार वाढत जाईल तसा मोठा छेद घ्यायचा, पण मोठ्या छेदाला पुलीही मोठी लागते. ए पट्ट्यासाठी सर्वांत लहान पुली ७५ मिमी पिच व्यासाची मानली जाते, बीसाठी १२५ मिमीची. त्याहून लहान पुलीवर पट्टा प्रत्येक फेऱ्यात फार तीव्र वाकतो, आतून तापतो आणि त्याच्या पोटाला आडव्या चिरा पडतात. पाच एचपीच्या मोटरला ए छेद पुरतो. पुली मात्र ७५ची न घेता १२५ची घेणे शहाणपणाचे. कारण पुली मोठी असेल तर पट्ट्याचा वेग वाढतो आणि तीच शक्ती कमी ओढीने पोहोचते. १२५ मिमी व्यास आणि १४४० फेरे यांवरून पट्ट्याचा वेग सेकंदाला ९.४ मीटर येतो. साध्या ओतीव लोखंडी पुल्यांसाठी तो अगदी सुरक्षित आहे.

लहान पुली १२५, तर निम्म्या वेगासाठी मोठी २५० मिमी. प्रत्यक्षात पट्टा पुलीवर किंचित घसरत आणि ताणत असल्यामुळे एक-दोन टक्के वेग हरवतो आणि गिरणी ७१० फेऱ्यांच्या आसपास फिरते. पीठ दळायला एवढ्याने फरक पडत नाही. जिथे वेग दातादाताने जुळायला हवा, तिथे व्ही-बेल्ट वापरायचाच नसतो; तिथे दातेरी टायमिंग बेल्ट किंवा साखळी लागते.

इथे एका मापाकडे नीट पाहायला हवे, कारण बहुतेक गोंधळ त्यातूनच सुरू होतो. वर १२५ आणि २५० म्हटले ते पुलीच्या काठावरचे व्यास नव्हेत. पट्ट्याच्या आत ताण घेणारे दोरे असतात. पट्टा वाकतो तेव्हा दोऱ्यांच्या वरचा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि दोऱ्यांच्या रेषेची लांबी मात्र बदलत नाही. खाचेत बसलेल्या पट्ट्याची ही रेषा ज्या वर्तुळावरून जाते, त्याचा व्यास म्हणजे पिच व्यास. ए छेदाच्या पुलीत हे वर्तुळ काठाच्या किमान ३.३ मिमी आत असते. म्हणून १२५ पिच व्यासाच्या पुलीचा बाहेरचा व्यास १३१.६ आणि २५० वालीचा २५६.६ मिमी भरतो. जुन्या गिरणीच्या पुलीवर टेप लावून १३१ मोजले आणि तोच आकडा सूत्रात घातला, तर वेगाचे गणित अठरा फेऱ्यांनी आणि पट्ट्याची लांबी जवळजवळ २१ मिमीने चुकते. मोजमाप काठावरचेच घ्यावे, पण हिशेबाला बसण्यापूर्वी त्यातून ६.६ मिमी वजा करावेत.

आता केंद्रअंतर. पुल्या फार जवळ आणल्या तर लहान पुलीला पट्टा कमी कवेत घेतो आणि भार आला की घसरतो. फार लांब ठेवल्या तर पट्ट्याचे मोकळे पदर फडफडतात. दोन्ही पिच व्यासांच्या बेरजेच्या ०.७ पट ते २ पट अंतर चालते, असा सर्वसाधारण नियम आहे. इथे बेरीज ३७५, म्हणजे सुमारे २६३ ते ७५० मिमी. फ्रेमवर मिळणारे ५०० मिमी त्यात आरामात बसते. ही ५०० म्हणजे अजून इच्छा आहे, माप नव्हे.

पट्ट्याची लांबी काढताना त्याचे चार तुकडे डोळ्यांसमोर आणावेत : दोन सरळ पदर आणि पुल्यांना वेढणारे दोन चाप. दोन्ही पुल्या सारख्या असत्या तर दोन पदर म्हणजे केंद्रअंतराची दुप्पट आणि दोन अर्धवर्तुळे मिळून एक पूर्ण वर्तुळ, एवढ्यावर भागले असते. पुल्या लहानमोठ्या असल्या की पदर तिरके होतात, मोठ्या पुलीवरचा चाप वाढतो आणि लहानीवरचा घटतो. त्याची भरपाई करणारी छोटी तिसरी संख्या सूत्रात येते. D मोठ्या पुलीचा पिच व्यास, d लहानीचा, C केंद्रअंतर आणि L पट्ट्याची पिच लांबी.

```
L = 2C + (π/2)(D + d) + (D − d)² / (4C)

L = 2×500 + 1.5708×375 + 125²/2000
  = 1000 + 589.05 + 7.81
  = 1596.9 mm
```

हे सूत्र अंदाजी आहे असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते आणि ते खरेही आहे. पण या गिरणीसाठी कोनांचे अचूक सूत्र वापरून पाहिले तर फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतो. पट्टा तयार होताना त्याच्या लांबीत जो फरक राहतो, तो याच्या कितीतरी पट जास्त असतो. मोठी पुली लहानीच्या कित्येक पट असेल आणि दोघी अगदी जवळ असतील, तेव्हाच अचूक सूत्राची गरज पडते.

१५९७ मिमी पिच लांबीचा पट्टा दुकानात मागितला तर दुकानदार ‘नंबर सांगा’ म्हणेल. पट्ट्याच्या पाठीवर ए-६० किंवा ए-६२ असे छापलेले असते. त्यातला आकडा पट्ट्याच्या आतल्या बाजूची लांबी इंचात सांगतो, पिच लांबी नव्हे. ए छेदाची पिच लांबी आतल्या लांबीपेक्षा ३६ मिमीने जास्त धरली जाते. काही कंपन्यांच्या तक्त्यांत हा फरक थोडा वेगळा असतो, म्हणून ज्या कंपनीचा पट्टा घ्यायचा तिचाच तक्ता उघडावा. ए-६२ची आतली लांबी ६२ इंच, म्हणजे १५७५ मिमी. त्यात ३६ मिळवले की पिच लांबी १६११ मिमी. ए-६० घेतला तर १५६० येते, ती ५०० मिमी अंतराला बरीच कमी पडते. ए-६१ची पिच लांबी १५८५ आहे, म्हणजे हव्या लांबीपासून तीही ए-६२ इतकीच जवळ. पण लहान निवडला तर केंद्रअंतर ५००च्या खाली जाते आणि फ्रेमवर मोटर गिरणीकडे ढकलावी लागते. मोठा निवडला तर मोटर मोकळ्या बाजूला सरकते. ए-६२ इथे सोयीचा.

पट्टा ठरला की गणित उलट चालते. वरच्याच सूत्रात L = १६११ ठेवून C काढायचा.

```
B = L − (π/2)(D + d) = 1611 − 589.05 = 1021.95
C = [ B + √(B² − 2(D − d)²) ] / 4
  = [ 1021.95 + √(1021.95² − 2×125²) ] / 4
  = 507.1 mm
```

म्हणजे खरे केंद्रअंतर ५०७.१ मिमी. कागदपेन्सिल जवळ नसेल तरी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुरते : पट्टा जितका लांब, त्याच्या साधारण निम्म्याने अंतर वाढते. हव्या लांबीपेक्षा पट्टा १४ मिमी मोठा निघाला, तर मोटर ७ मिमी मागे गेली. याच हिशेबाने आतली लांबी आणि पिच लांबी यांची गल्लत किती महाग पडते तेही कळते. १५७५ ही पिच लांबी समजून छिद्रे पाडली, तर मोटर १८ मिमी चुकीच्या जागी बसेल. बोल्टाच्या खाचा आखूड असतील तर पट्टा बसेल, पण कधीच ताठ होणार नाही.

या अंतरावर लहान पुलीला पट्टा किती अंशांत वेढतो ते पाहावे लागते. व्यासांतला फरक १२५ आणि केंद्रअंतराची दुप्पट १०१४ यांच्या गुणोत्तरावरून पदरांचा तिरकेपणा सुमारे ७ अंश येतो. लहान पुलीवरचा वेढा १८०मधून त्याची दुप्पट वजा करून १६६ अंश. पूर्ण अर्धवर्तुळाच्या तुलनेत पट्ट्याची शक्ती यामुळे तीन-चार टक्क्यांनीच घटते. वेढा १२० अंशांच्या खाली गेला असता तर पुल्यांचे व्यास किंवा अंतर बदलण्याचा विचार करावा लागला असता.

पट्टे किती लागतील हे कंपनीच्या शक्तीच्या तक्त्यावरून ठरते. गिरणीवर भार कमीजास्त होतो आणि ती दिवसभर चालते, म्हणून ३.७ किलोवॉटला १.२ने गुणून ४.४ किलोवॉट धरायचे. १२५ मिमीच्या पुलीवर १४४० फेऱ्यांना ए छेदाचा एक साधा पट्टा साधारण दोन किलोवॉट वाहून नेतो. वेढा आणि लांबी यांच्या घटीनंतर त्याहून थोडे कमी. ४.४ला त्याने भागले की सव्वादोनच्या वर उत्तर येते, म्हणजे तीन पट्टे. दोनवर भागवले तर गिरणी सुरू होईल, पण गहू ओला निघाला की पट्टे घसरून ओरडतील. तीन पट्टे एकाच संचातले घ्यावेत आणि बदलताना तिन्ही एकदम बदलावेत. जुन्या दोघांच्या शेजारी नवा तिसरा बसवला तर सगळा भार आखूड नव्या पट्ट्यावर येतो आणि तोच आधी तुटतो.

शेवटची दोन मापे सरकवण्याच्या जागेची. मोटर आतल्या बाजूला सरकवता आली पाहिजे, कारण पट्टा पुलीच्या काठावरून उचलून खाचेत घालावा लागतो. पट्ट्याचे पोट पिच रेषेच्या सव्वापाच मिमी खाली असते आणि काठ तिच्या ३.३ मिमी वर. म्हणजे मोठ्या पुलीच्या अर्ध्या घेरावर पट्टा साडेआठ मिमी उचलायचा, तर सुमारे २७ मिमी जादा लांबी हवी. मोटर आत सरकवण्यासाठी पट्ट्याच्या लांबीच्या दीड टक्का, म्हणजे २४ मिमी जागा ठेवण्याचा नियम आहे. अंतर २४ने कमी झाले की पट्टा ४८ मिमी सैल होतो, त्यामुळे काम सहज होते. बाहेरच्या बाजूला लांबीच्या तीन टक्के, सुमारे ४८ मिमी ठेवायचे. पट्टा वापरात ताणत जातो, त्याची ही तरतूद. अशा रीतीने मोटर ४८३ ते ५५५ मिमी या पट्ट्यात कुठेही बसवता आली पाहिजे. ही जागा न ठेवलेल्या फ्रेमवर नवा पट्टा स्क्रूड्रायव्हरने उचकटून चढवताना अनेकदा दिसतो. त्यात पट्ट्यातले दोरे आतल्या आत तुटतात आणि थोड्याच दिवसांत तो पट्टा एका जागी उलटा वळतो.

एवढे झाल्यावर संगणक उघडावा. इथे सॉलिडवर्क्सचे उदाहरण घेतले आहे, कारण त्यात दोन पुल्यांमधला पट्टा जुळणीच्या फाइलमध्येच बनवण्याची स्वतंत्र सोय आहे. पुलीचा भाग बनवताना खाचा कातलेल्या घन आकाराबरोबरच मधल्या समतलावर १२५ आणि २५० मिमी व्यासाचे पिच वर्तुळ साध्या स्केचमध्ये काढून ठेवावे. खाचांच्या तिरप्या भिंतींमध्ये पिच व्यासाचा एकही दंडगोल पृष्ठभाग नसतो, त्यामुळे हे वर्तुळ नसेल तर पट्टा कशावर बसवायचा हे आज्ञावलीला सांगता येत नाही. मग हाताला लागेल तो काठ निवडला जातो आणि टेप लावून झालेली २१ मिमीची चूक पडद्यावर पुन्हा होते. दोन्ही पिच व्यास ११८ मिमीपेक्षा मोठे असल्यामुळे खाचांचा कोन ३८ अंश ठेवायचा. त्याहून लहान पुलीसाठी तो ३४ असतो. दोन शेजारच्या खाचांच्या मध्यांत १५ मिमी अंतर असते.

जुळणीत आधी फ्रेम येते. तीच जागेवर खिळलेली असते. गिरणीचा शाफ्ट फ्रेमच्या बेअरिंगशी Concentric जोडणीने बसतो आणि फिरायला मोकळा राहतो. मोटरचा पाया फ्रेमच्या पट्टीवर Coincident ठेवायचा, एका बाजूने पट्टीच्या कडेशी समांतर धरायचा आणि लांबीच्या दिशेला मात्र मोकळा सोडायचा. या सगळ्यात हीच पायरी चुकते. मोटर घाईने पूर्ण बांधून टाकली की पट्टा तिला हलवू शकत नाही आणि जुळणी चुकीच्या लाल खुणांनी भरते. मोटर मोकळी सोडली तरी तिने पट्टीवरून खाली पडू नये म्हणून दोन शाफ्टमधल्या अंतरावर Advanced गटातली मर्यादेची Distance जोडणी घालायची, किमान ४८३ आणि कमाल ५५५. पुढे पट्टा चुकीच्या मापाचा निवडला गेला तर जुळणी इथेच अडेल आणि चूक कारखान्यात जाण्याआधी कळेल.

पुल्या शाफ्टवर बसवताना एक बारकावा आहे. १२५ची पुली आणि २५०ची पुली यांची रुंदी बऱ्याचदा सारखी नसते, कारण मोठीच्या बाजूला बॉस बाहेर आलेला असतो. दोन्हींच्या बाहेरच्या बाजू एका समतलात आणल्या तर खाचा एका रेषेत येतीलच असे नाही. म्हणून पुलीच्या भागात खाचांच्या मधोमध एक समतल ठेवून दोन्ही पुल्यांची ती समतले Coincident करावीत. प्रत्यक्ष फ्रेमवरही दोरी किंवा सरळपट्टी खाचेवरूनच धरावी. व्ही-बेल्टला सुमारे अर्ध्या अंशाचा बाक सहन होतो. ५०७ मिमीच्या अंतरावर तो फक्त साडेचार मिमी भरतो. त्याहून जास्त वाकलेल्या मांडणीत पट्ट्याची एकच बाजू झिजते. पट्टा हातात घेतला की दोन बाजूंचा फरक बोटाला कळतो.

आता मेनूतून Insert, त्यात Assembly Feature आणि त्यात Belt/Chain. Belt Members या चौकटीत दोन्ही पुल्यांची पिच वर्तुळे एकामागून एक निवडायची. पडद्यावर पट्ट्याची रेषा दिसते. ती दोन पुल्यांमध्ये इंग्रजी आठसारखी फुली घेत असेल तर Flip belt side दाबून ती बाहेरच्या बाजूने न्यायची. पहिल्या दृष्टीला ही फुली लक्षात येत नाही, पण ओळखायला दोन खुणा आहेत. लांबी अपेक्षेपेक्षा ६० मिमीहून अधिक वाढलेली दिसते आणि पुल्या एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात. व्ही-बेल्ट असा फुली घालून चालवत नाहीत; मधोमध दोन पदर एकमेकांवर घासून पट्टा फाटतो.

त्याच पानावर Properties गटात Belt Length दिसते. सुरुवातीला Driving ची खूण काढून ठेवावी. अशा वेळी संगणक फक्त मोजतो : मोटर जिथे असेल तिथून पट्ट्याला किती लांबी लागेल ते सांगतो. मोटर ५०० मिमीवर ओढली की १५९६.९ यायला हवे. हातच्या हिशेबाशी हा आकडा जुळला, म्हणजे पिच वर्तुळे बरोबर निवडली गेली आणि जुळणी विश्वासाला पात्र आहे. वेगळा आला तर फरकाच्या आकड्यावरूनच कारण सापडते. २१च्या आसपास असेल तर काठ निवडला गेला, ६०च्या वर असेल तर फुली पडली. यानंतर Driving ला खूण करून १६११ हा आकडा टाकायचा. मोटर पट्टीवर सरकते आणि शाफ्टमधले अंतर मोजले की ५०७.१ मिळते. ज्या क्रमाने हिशेब झाला, त्याच क्रमाने जुळणीही झाली : पट्टा ठरला, मोटर त्याच्या मागे गेली. पट्टा बदलायची वेळ आली तर हा एक आकडा बदलायचा, बाकी सगळे आपोआप हलते.

Engage belt ची खूण ठेवली की दोन्ही पुल्यांचे फिरणे जोडले जाते. माऊसने लहान पुली दोन फेरे फिरवली तर मोठीने एकच फेरा घेतला पाहिजे. ती हललीच नाही तर शाफ्टच्या Concentric जोडणीत Lock rotation ची खूण राहून गेलेली असते. हे फिरणे फक्त भूमितीचे आहे; घसरण, ताण, तापणे यांतले काहीही त्यात नाही. म्हणून पडद्यावर गिरणी नेमकी ७२० फेऱ्यांनी फिरते.

पट्ट्याचा घन आकार हवा असेल तर Create belt part निवडावे. पट्ट्याच्या रेषेचे स्केच असलेला नवा भाग तयार होतो. त्या रेषेवर ए छेदाचा समलंब चौकोन फिरवून आणला की पट्टा दिसू लागतो. चौकोन पिच रेषेवर ११ मिमी रुंद असावा, वरची १३ मिमीची बाजू पावणेतीन मिमी वर आणि पोट सव्वापाच मिमी खाली. तीन पट्ट्यांसाठी तो १५ मिमीच्या अंतराने पुन्हा पुन्हा ठेवायचा. यानंतर Interference Detection चालवले तर पट्टा खाचेत घुसल्याचे लाल डाग दिसतात आणि अनेक जण घाबरून खाचेचे माप बदलतात. तसे करू नये. पट्टा मोकळा असताना त्याचा कोन ४० अंशांचा असतो आणि खाच ३८ची. प्रत्यक्षात पट्टा वाकला की त्याचा पोटाकडचा भाग फुगतो आणि कोन घटून खाचेशी जुळतो. खाच जाणूनबुजून अरुंद ठेवण्याचे कारण तेच. मॉडेलमधला पट्टा वाकून फुगत नाही, त्यामुळे वरच्या कडेला मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी घुसणी दिसते. ती सोडून द्यावी. पट्ट्याचे पोट मात्र खाचेच्या तळाला टेकलेले दिसले तर ती खरी चूक आहे. व्ही-बेल्ट भिंतींवर पाचरीसारखा धरून ओढतो, तळावर नाही. जुनी पुली झिजून पट्टा तळाला टेकू लागला की खाचेचा तळ चकाकतो. अशा पुलीवर नवा पट्टाही घसरतो, तेव्हा पुलीच बदलावी लागते.

हे काम सॉलिडवर्क्सशिवायही होते. फ्रीकॅड ही मोफत आज्ञावली आहे. तिच्या Assembly कार्यकक्षात दोन पुल्यांचे फिरणे जोडणारी पट्ट्याची जोडणी आहे, मात्र ती लांबीचा हिशेब ठेवत नाही. तिथे लांबी वेगळ्या स्केचमध्ये काढावी लागते : दोन चाप, त्यांना स्पर्शिका असलेले दोन पदर आणि केंद्रअंतराचे माप. कोणतीही आज्ञावली असो, पट्ट्याचे चार तुकडे तेच राहतात, म्हणून हातचा हिशेब आधी करून ठेवलेला असला की कुठेही अडत नाही.

जुळणीतून जे चित्र कारखान्यात जाते, त्यावर केंद्रअंतर एकाच आकड्यात लिहिले तर फॅब्रिकेटर तिथे गोल छिद्रे पाडतो आणि मोटर कायमची अडकते. चित्रावर ‘ए-६२, ३ नग, एकच संच’, ‘केंद्रअंतर ५०७ मिमी, मोटर ४८३ ते ५५५ मिमी सरकेल अशा खाचा’ आणि ‘पिच व्यास १२५ आणि २५०’ असे स्पष्ट लिहावे. ताणाचीही एक ओळ हवी. पदराची लांबी इथे सुमारे ५०० मिमी आहे. दर मीटरला १६ मिमी या प्रमाणात पदराच्या मध्यावर ८ मिमी दाब पडायला, ए छेदाच्या एका पट्ट्याला १० ते १५ न्यूटन, म्हणजे साधारण एक ते दीड किलोचा भार लागला पाहिजे. त्याहून कमी लागला तर पट्टा सैल आहे. बराच जास्त लागला तर बेअरिंग तापतील. नवा पट्टा पहिल्या काही तासांत खाचेत बसतो आणि सैल होतो, म्हणून गिरणी थोडा वेळ चालवून ताण पुन्हा तपासावा आणि मोटर खाचांमध्ये हवी तेवढी मागे सरकवून बोल्ट घट्ट करावेत.